मुलाखतीनंतरचे दोन मेल : या चुका टाळा

मुलाखत चांगली होते, उमेदवार घरी जातो आणि तिथून पुढे माती खातो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात मी भरतीचं काम बघते. बायरशी पत्रव्यवहार करणारे मर्चंडायझर, एक्सपोर्टची कागदपत्रं करणारी मुलं, अकाउंट्सवाले, सगळ्यांच्या मुलाखती माझ्यासमोर होतात. आभाराचा एक मेल आणि काही दिवसांनी ‘निर्णय कधी होईल’ असं विचारणारा दुसरा, एवढंच काम असतं. त्यातल्या त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आयता मसुदा. मागे मर्चंडायझरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. त्याच संध्याकाळी तीन उमेदवारांचे आभाराचे मेल आले आणि तिन्ही शब्दशः एकच. ‘आपल्या नामांकित संस्थेच्या ध्येयधोरणांविषयी झालेल्या सखोल चर्चेबद्दल’ तिघांनीही आभार मानले होते. आमच्याकडे ध्येयधोरणांवर चर्चा झालीच नव्हती. चर्चा झाली होती ती टॉवेलच्या वजनावर आणि रंगाच्या फरकावर. तिन्ही मेलमध्ये स्पेलिंगची एक चूकही त्याच जागी होती, म्हणजे मसुदा एकाच क्लासमधून आलेला. एकाने तर कंपनीचं नाव लिहायची रिकामी जागा तशीच ठेवली होती. शेठच्या मुलाने तिन्ही मेल एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचले. केबिनमध्ये जो हशा झाला तो त्या मुलांनी ऐकला नाही, हे बरंच.

त्याच मुलाखतींना आलेल्या एका मुलीचा मेल मात्र मी अजून नव्या सहकाऱ्यांना दाखवते. तिला विचारलं होतं, सत्तर बाय एकशेचाळीस सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा टॉवेल वजनाला किती भरेल? गडबडीत ती ‘पाचशे ग्रॅम’ म्हणाली. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, आणि हा टॉवेल पूर्ण एक चौरस मीटरचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेल आला, तो साधारण असा :

‘नमस्कार मॅडम, काल मर्चंडायझर पदासाठी वेळ दिल्याबद्दल तुमचे आणि सरांचे आभार. टॉवेलच्या वजनाचं माझं उत्तर घाईत चुकलं. ०.७० गुणिले १.४० म्हणजे ०.९८ चौरस मीटर, त्यामुळे ५०० जीएसएमला वजन ४९० ग्रॅम येतं. सॅम्पल विभाग दाखवलात, तिथलं काम मला आवडलं. आणखी काही कागद लागल्यास जरूर कळवा.’

खाली नाव आणि फोन नंबर. संपलं. मुलाखतीत खरंच जे बोलणं झालं त्यातली एकच गोष्ट तिने उचलली, सुटलेलं उत्तर पुरं केलं आणि थांबली. दहा ग्रॅमचा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल. हजारो नगांच्या ऑर्डरमध्ये तेवढ्या फरकाने सुताचा हिशोब बदलतो, म्हणून आमच्या शेठना तो किरकोळ वाटत नाही. हेही सांगते, की या मेलमुळे कोणाला नोकरी लागत नाही. दोन उमेदवार सारखेच वाटत असतील तर एकाचं पारडं थोडं झुकतं, एवढीच त्याची ताकद.

म्हणून माझं सांगणं असं, की मुलाखत संपली की बाहेर पडून चहा घ्या आणि मोबाइलमध्ये चार शब्द टिपून ठेवा. कोण कोण होतं, काय विचारलं, कुठे अडखळलो, कधी कळवतो म्हणाले. मेल याच चार शब्दांतून लिहायचा. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाठवायचा. एखादं वाक्य कुठून उचललंच असेल तर जीमेलमध्ये `Ctrl+Shift+V` ने चिकटवा, म्हणजे मूळ ठिकाणचा फाँट आणि रंग सोबत येत नाही. अर्धा मेल काळा, अर्धा राखाडी दिसला की चोरी लगेच कळते. आणि सगळीच उत्तरं सुधारत बसू नका. एका मुलाने पाच प्रश्नांची नवी उत्तरं लिहून पाठवली होती. ती उत्तरपत्रिका तपासायला आमच्याकडे वेळ नाही.

भाषेचा प्रश्न नेहमी येतो. मुलाखत इंग्रजीत झाली असेल, किंवा कामच परदेशी बायरशी असेल, तर इंग्रजीत लिहा. मुलाखत मराठीत झाली असेल तर साधं मराठी उत्तम. न पेलणारं इंग्रजी नको.

आभाराच्या मेलमध्ये पगार विचारू नका. बायोडाटा पुन्हा जोडू नका. मेल उघडला की कळवणारी छुपी सोय वापरू नका. ‘तुम्ही काल ११ वाजता मेल वाचलात’ असं मला एकाने फोनवर ऐकवलं होतं, त्याच्याशी पुढे काय बोलणार?

नवा मेल सुरू करणं ही चूक छोटी दिसते, पण तिच्यामुळे माणसं खरोखर हरवतात. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच उत्तर द्या आणि विषयाची ओळ बदलू नका. विषय बदलला की जीमेल त्याला वेगळं संभाषण धरतं. माझ्या इनबॉक्समध्ये मग तुमचं बोलावणं एकीकडे, आभार दुसरीकडे आणि चौकशी तिसरीकडे. त्यात मेल दुसऱ्याच आयडीवरून आला असेल तर तो कोणाचा हे शोधण्यातच वेळ जातो. एकाच साखळीत सगळं असलं की मी खाली सरकते, पद दिसतं, तारीख दिसते आणि दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी होते. बोलावणं फोनवर आलं असेल तर आभाराचा मेल हीच साखळीची सुरुवात. विषयात पद, मुलाखतीची तारीख आणि स्वतःचं नाव लिहा.

आता दुसरा मेल. इथे उतावळेपणाचा कहर होतो.

एका जानेवारीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी एक हुशार मुलगा आला होता. गुरुवारी मुलाखत झाली. मी स्पष्ट सांगितलं, की शेठ हाइमटेक्स्टिलच्या प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला निघालेत, ते परत आल्यावर ठरेल, दोन आठवडे धरा. वर सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात तेव्हा अर्ध्या सोलापूरचं लक्ष तिकडे असतं, सहीचा कागद हलत नाही. हे सोलापूरच्या मुलाला मी समजावून सांगायचं?

सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर ‘एनी अपडेट मॅम?’ बुधवारी तेच, पुढे हात जोडलेली दोन चिन्हं. शुक्रवारी शेठच्या मोबाइलवर फोन, तोही फ्रँकफर्टमध्ये मीटिंग चालू असताना. नंतर त्याच्या मामांचा फोन आला. मामांची आमच्या लेखा विभागात कुणाशी तरी ओळख होती. ‘पोरगं चांगलं आहे, जरा बघा.’ पोरगं चांगलं होतंच, यादीत पहिलं होतं. शेठ परत आले आणि एवढंच म्हणाले, ‘हा उद्या शिपिंग एजंटलाही असाच पिडणार, आणि बायरलाही.’ त्या कामात रोज कुणाच्या तरी मागे लागावं लागतं. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा, मसुदा मागायचा, कंटेनर कुठे पोहोचला ते विचारायचं, आणि समोरच्याला न दुखावता विचारायचं. त्याच कामाचा नमुना त्याने आम्हाला फुकट दाखवला होता. जागा दुसऱ्याला गेली.

‘काही अपडेट?’ या प्रश्नाला माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तरच नसतं. पगाराला मंजुरी यायची असते, एखादी मुलाखत राहिलेली असते, किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि तो होकार देत नसतो. हे शेवटचं कारण कुणी तुम्हाला सांगणार नाही, पण लांबलेल्या शांततेमागे ते बऱ्याचदा असतं. पहिला पुण्यातली ऑफर घेऊन निघून जातो आणि मग आम्ही दुसऱ्याकडे वळतो. तेव्हा दुसऱ्याचा साधा, नीट चौकशीचा मेल समोर असला तर तो अजून मोकळा आहे आणि त्याला रस आहे, हे कळतं. म्हणून चौकशी करायचीच, पण ज्याचं उत्तर देता येईल असं विचारायचं. निर्णय विचारू नका, वेळ विचारा.

वरच्याच मुलाने काय करायला हवं होतं ते तारखांनिशी सांगते. मुलाखत ९ जानेवारीला, गुरुवारी. दोन आठवडे म्हणजे २३ जानेवारी. तो दिवस जाऊ द्यायचा, वर कामाचे दोन-तीन दिवस सोडायचे. २६ ची सुट्टी मध्ये येते, म्हणून मंगळवारी २८ ला सकाळी कचेरी सुरू झाल्यावर त्याच साखळीत हा मेल :

‘नमस्कार मॅडम, ९ जानेवारीला एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन पदासाठी माझी मुलाखत झाली होती. दोन आठवड्यांत कळेल असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून विचारतो. निर्णय साधारण कोणत्या आठवड्यात अपेक्षित आहे? मला या कामात रस आहे. निवड झाल्यास ३० दिवसांच्या नोटिशीनंतर रुजू होऊ शकेन.’

नोटिशीचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे, ते मला पुढच्या हिशोबाला लागतं. कधी कळवणार हे मुलाखतीत सांगितलंच नसेल तर आठ ते दहा दिवस थांबा. खरं तर निघतानाच विचारायला हवं होतं. ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ एवढा प्रश्न विचारायला मुलं का घाबरतात, मला समजत नाही.

हातात दुसरी ऑफर असेल तर मात्र नियम बदलतो. तेव्हा थांबू नका. ‘मला दुसऱ्या ठिकाणी शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, त्याआधी तुमच्याकडून कळू शकेल का?’ असं तारखेसह सरळ लिहा. यात काही उर्मटपणा नाही. खोटी ऑफर मात्र सांगू नका. आम्ही ‘मग तिकडे जा, शुभेच्छा’ म्हणतो आणि फाइल बंद करतो.

व्हॉट्सॲपबद्दल माझं मत कडक आहे. आम्ही तिथे बोललो असू तरच तिथे लिहा, तेही कचेरीच्या वेळात. रात्री मेल लिहून झाला असेल तर जीमेलमधल्या `Schedule send` वर सकाळची वेळ लावून झोपा.

पहिल्या चौकशीला उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने आणखी एक, आधीपेक्षा छोटा मेल पाठवा. त्यालाही उत्तर नसेल तर तिसरा लिहू नका, दुसरीकडे अर्ज करा. उत्तर न देणं ही आमच्या बाजूची अव्यवस्था आहे, हे मी मान्य करते; पण तिसऱ्या मेलने ती सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.