शिफ्ट इंचार्जला कामावरून काढलं तर : या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतून माझ्याकडे येणाऱ्या दर चार माणसांत एखादा तरी ‘सुपरवायझर’ असतो. कार्डावर शिफ्ट इंचार्ज, असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी ऑफिसर असं काहीतरी छापलेलं असतं. कामावरून काढल्यावर तो म्हणतो, “वकीलसाहेब, मी कामगार नाही, मला कामगार कायदा लागत नाही, असं एचआरवाले सांगतात.” बऱ्याचदा हे खरं नसतं. पण ते खरं मानून तो घरी बसतो आणि मुदत निघून जाते.

एक उदाहरण घेतो. फाउंड्रीतला नऊ वर्षांचा अनुभवी माणूस, पद ‘शिफ्ट इंचार्ज, मोल्डिंग’. महिन्याच्या पगारपत्रकावर एकूण २६,००० रुपये : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवासभत्ता ५,०००. एक दिवस गेटवर ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं. ना नोटीस, ना चौकशी.

पहिली चूक म्हणजे पदाच्या नावावरून निकाल लावणं. न्यायालय नाव बघत नाही, दिवसभर मुख्यतः काय काम केलं ते बघतं. डेल्टन केबलच्या १९८४ च्या खटल्यात वादी ‘सिक्युरिटी इन्स्पेक्टर’ होता. त्याचं बरंचसं काम कारखान्याच्या गेटवरच्या सुरक्षेचं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगारच धरलं. नॅशनल इंजिनिअरिंगच्या १९८८ च्या खटल्यात अंतर्गत हिशेब तपासनीस होता. तपासून वर अहवाल देणं म्हणजे देखरेख नव्हे, म्हणून तोही कामगारच, असं न्यायालयाने ठरवलं. देखरेख म्हणजे दुसऱ्या माणसांच्या कामावर देखरेख. मशिन किंवा साच्यावर लक्ष ठेवणं त्यात येत नाही.

आपला शिफ्ट इंचार्ज स्वतः मोल्डिंग मशिनवर उभा राहायचा, पॅटर्न बदलायचा, पोअरिंगच्या वेळी हात घालायचा आणि शिफ्टच्या शेवटी रिजेक्शनचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. कुणी कुठल्या मशिनवर बसायचं ते प्रॉडक्शन मॅनेजर आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा. रजा मंजूर करायचा अधिकार याला नव्हता, कुणाला मेमो द्यायचा नव्हता, पगारवाढीची शिफारसही कुणी मागितली नव्हती. हा माणूस कामाच्या स्वरूपाने कामगारच आहे, मग पगार ४०,००० असला तरी.

दुसरी चूक हीच, पगाराच्या मर्यादेबाबतची. ‘दहा हजारांच्या वर पगार म्हणजे कामगार नाही’ असं कोल्हापुरात सर्रास ऐकू येतं. ही मर्यादा सर्वांसाठी नाही. ती फक्त मुख्यतः देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागू आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती २०१० पासून १०,००० रुपये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. हाताने, यंत्रावर, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची कुठलीच मर्यादा नाही. उलट जो मुख्यतः व्यवस्थापकाचं काम करतो, त्याला नऊ हजार पगार असला तरी तो कामगार ठरत नाही.

आता वाईटात वाईट धरू. समजा मालकाने सिद्ध केलं की हा माणूस खरोखर पंधरा मोल्डर्सवर देखरेख करत होता. तरी खेळ संपत नाही, कारण नव्या संहितेतली ‘वेतना’ची व्याख्या वेगळी आहे. घरभाडे भत्ता आणि प्रवासभत्ता वेतनातून वगळले जातात. वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर जास्तीचा भाग परत वेतनात धरतात. इथे वगळलेले ११,००० हे २६,००० च्या निम्म्याहून कमी आहेत. म्हणून वेतन १५,०००, म्हणजे १८,००० च्या आत. देखरेख करणारा ठरूनही तो कामगारच राहतो. जुन्या कायद्यात मात्र बहुतेक भत्ते वेतनात धरले जात, त्यामुळे बडतर्फी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल तर हा हिशेब उलटा पडतो. पगारपत्रकावर ‘स्पेशल अलाउन्स’ असं मोघम नाव असेल तर सावध व्हा, वगळण्याच्या यादीत हे नाव नाही. म्हणून पगारपत्रक आणताना एकूण आकडा सांगू नका, प्रत्येक ओळ दाखवा.

तिसरी चूक लोक स्वतःच्या हाताने करतात. नवीन नोकरीच्या अर्जात लिहितात, ‘वीस जणांची टीम सांभाळली, शिस्त लावली’. वरच्या साहेबांना ईमेल, ‘माझ्या माणसांपैकी अमुकला काढा’. उलटतपासणीत हाच कागद समोर येतो आणि साक्षीदार घाम पुसत राहतो. आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे हे लक्षात ठेवा. मोठेपणा दाखवण्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी नऊ वर्षांच्या कामाला भारी पडू शकतात.

म्हणून नोकरीत असतानाच आपल्याकडे आलेलं जपा : आपल्या नावाने मशिन वाटप केलेला मेसेज, आपण मागितलेल्या रजेवर ‘मंजूर’ म्हणून कुणाची सही आहे तो अर्ज, ओव्हरटाइम दिल्याचं पगारपत्रक. मेसेजसाठी तो मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका. कंपनीची रजिस्टरं मात्र उचलून आणू नका, नव्या आरोपाला निमंत्रण मिळतं. शिफ्ट रजिस्टर मालकाने हजर करावं असा अर्ज न्यायालयात करता येतो. त्याने ते लपवलं तर न्यायालय विरुद्ध अर्थ काढू शकतं.

चौथी चूक म्हणजे दार चुकणं. कामगार असाल तर आधी कामगार आयुक्तांच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर स्वतःच औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. नव्या संहितेत काढून टाकल्यापासून दोन वर्षांत जायला हवं, जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. पुन्हा कामावर घेण्याचा आदेश इथेच मिळू शकतो. खरोखर व्यवस्थापक असाल तर दिवाणी न्यायालय. तिथे खासगी नोकरीत सहसा परत घेण्याचा हुकूम मिळत नाही, करारातल्या नोटिशीच्या काळाइतकी वगैरे भरपाई मागता येते. आणि न्यायाधिकरणात पाच वर्षं लढून शेवटी ‘हा कामगार नाही’ असा निकाल लागला तर दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत आधीच संपलेली असते. चांगल्या हेतूने आणि काळजीपूर्वक चुकीच्या न्यायालयात लढलेला काळ वगळण्याची तरतूद मुदतीच्या कायद्यात आहे, पण ती आपोआप मिळत नाही, दाखवून द्यावी लागते.

आणि शेवटची, सगळ्यात दुःखद चूक. ‘मी ऑफिसर ग्रेडचा’ म्हणून हक्काचे पैसेही सोडून देणं. ग्रॅच्युइटीला कामगार की मॅनेजर हा भेदच नाही, पाच वर्षं सेवा झालेल्या व्यवस्थापकालाही ती मिळते. आपल्या उदाहरणात १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले नऊ वर्षं, म्हणजे सुमारे ७७,८८५ रुपये. हा अर्ज बडतर्फीच्या वादाशी बांधून ठेवू नका, तो वेगळा करा. वेतन संहितेखाली थकलेल्या पगाराची मागणीही मॅनेजर करू शकतो, आणि काढून टाकल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करावं लागतं. पीएफचे पैसे तर पदावर अवलंबूनच नाहीत.

माझ्याकडे आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न पद विचारत नाही. मी विचारतो, “कालच्या शिफ्टला सकाळी गेटमधून आत गेल्यावर, हात धुऊन बाहेर येईपर्यंत, काय काय केलंत?” तासाभराचं ते उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतो. दावा त्यावरच उभा राहतो.