घसरगुंडीखाली वाळू टाकायचीय? मग ब्रासचा हिशोब असा करा

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत मागच्या वेळी घसरगुंडीखाली एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, वाळू टाकली होती, कोणीतरी अंदाजाने "एक बास झाली" म्हणालं म्हणून. दोन महिन्यांत घसरगुंडीच्या तोंडाशी खालचा मुरूम दिसायला लागला आणि पोरं तिथेच आपटायची. त्यामुळे यंदा आधी टेप घेऊन बसलो.

पहिलं माप वाळूचं नाहीच, उंचीचं. मूल जिथे उभं राहतं तो प्लॅटफॉर्म जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. आमचा ४ फूट भरला. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत ९ इंच वाळू ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला चालते असं दिलंय, म्हणजे आम्ही अगदी काठावर. कमिटीत एका काकांना शेजारीच झोका पण हवा होता, पण झोक्याची उंची बसायच्या फळीपासून नाही तर वरच्या दांड्यापासून धरतात, तो ७-८ फुटांवर असतो, तिथे ही ९ इंच वाळू पुरत नाही. म्हणून झोका बाद. काका अजून रुसलेत.

दुसरं माप जागेचं, आणि सगळे चुकतात ते इथेच. पोरगं सरळ खाली पडत नाही, कडेला उडतं, म्हणून खेळण्याच्या चारी बाजूंना ६-६ फूट वाळू पाहिजे. आमची घसरगुंडी शिडीसकट १० फूट लांब, ३ फूट रुंद, म्हणजे वाळूची जागा २२ बाय १५, झाले ३३० चौरस फूट. मागच्या वेळी आम्ही घसरगुंडीपुरताच खड्डा केला होता, आता हसू येतं. कडेचा कट्टा किंवा कडप्पा या ६ फुटांच्या बाहेर घ्या, नाहीतर डोकं नेमकं त्यावरच आपटायचं. खांबांच्या पायाचं काँक्रीटही वाळूच्या तळाखाली गेलेलं असलं पाहिजे.

आता खोली. ९ इंच हे माप दबलेल्या वाळूचं आहे, नवी वाळू पायांनी, पावसाने साधारण पाव हिश्शाने बसते, म्हणून टाकताना १२ इंच टाकायची. ३३० चौरस फूट गुणिले १ फूट, ३३० घनफूट, आणि १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३.३ ब्रास. पण तेवढीच मागवू नका. ट्रकमधली वाळू बहुतेक वेळा ओलसर असते आणि ओलसर वाळू फुगते, वीस-पंचवीस टक्के सहज. आम्ही पारदर्शक बाटलीत थोडी वाळू न दाबता ६ इंच भरली आणि वर पाणी चढेपर्यंत ओतून हलवली, वाळू खाली बसून ५ इंच राहिली. म्हणजे ४ ब्रास घेतले तरच खरे ३३३ घनफूट हातात येतात. गाडी आली की टेपने आतली लांबी, रुंदी आणि सपाट केल्यावरची उंची फुटात मोजून गुणा आणि १०० ने भागा, वरच्या ढिगावर जाऊ नका, तो ड्रायव्हरचा आवडता हिशोब असतो.

वाळू कुठली? क्रश सँड नको, तिचे दाणे टोकदार आणि बारीक धूळ असते, पाणी पडलं की घट्ट बसते. गोल दाण्याची, धुतलेली वाळू घ्या. ग्लासभर पाण्यात मूठभर ढवळून ठेवली आणि तासाभराने वर मातीचा स्पष्ट थर बसला तर परत पाठवा.

खाली खडीचा ३ इंच थर, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, मग वाळू, आणि पाण्याला बाहेर जायला उतार. जमिनीवर असेल तर हे पुरे, पण गार्डन पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, असेल तर थांबा, १ फूट कोरडी वाळू चौरस फुटाला जवळपास ४५ किलो होते आणि पावसात आणखी जड. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

शेवटचं काम पेंटचं. घसरगुंडीच्या चारही खांबांवर वाळूच्या तळापासून ९ आणि १२ इंचांवर लाल रेघ मारून ठेवा. घसरगुंडीच्या तोंडाशी वाळू दर आठवड्याला बाजूला सरकते, माळीकाका फावड्याने परत ओढतात, आणि रेघा फक्त खांबांवर असल्याने तोंडाशी मात्र ते सळई खुपसून मोजतात, ९ च्या खाली गेलं की राखून ठेवलेल्या वाळूची दोन घमेली टाकतात.