घोटा मुरगळतो तेव्हा नेमकं काय तुटतं? फर्स्ट इयरच्या पोरांसाठी

लोअर लिंब चालू झालं की सीनियरकडून पहिला शॉर्टकट मिळतो. एटीएफ म्हणजे ऑलवेज टेअर्स फर्स्ट. अँटेरियर टॅलोफिब्युलर लिगामेंट सगळ्यात आधी तुटतं, झालं पाठ. आपण लातूर पॅटर्नमधून घासून आलेली माणसं, पाठांतराला कधी घाबरलोच नाही. अन् खरं सांगते, एमसीक्यूत याचा मार्क मिळतोच. पण व्हायव्हाला सर शांतपणे विचारतात, "बेटा, इन्व्हर्जन घोट्याच्या सांध्यात होतं का?" तिथं एटीएफ काही कामाला येत नाही.

कारण उत्तर नाही असं आहे. घोट्याचा सांधा बिजागरीचा आहे, पाऊल वर नाहीतर खाली, एवढंच. तळवा आत वळवायचं काम खाली सबटॅलर सांध्यात होतं, टॅलस आणि कॅल्केनियमच्या मध्ये, आणि थोडं त्याच्या पुढच्या सांध्यांत. मग इन्व्हर्जन खालच्या सांध्याचं अन् लिगामेंट तुटतं वरच्या सांध्याचं, हे कसं काय? मी इथंच लय दिवस अडकले होते, कारण ही दोन्ही वाक्यं पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि दोन्ही खरी आहेत. म्हणून बाकीचं पटपट सांगते आणि इथं जरा थांबते.

आधी हाडं. डिपार्टमेंटमधून टॅलस मागून घ्या, हातात घेतल्याशिवाय पुढचं वाचू नका, ॲटलासमधल्या फोटोवर कळत नाही. वरचा गुळगुळीत भाग बघा, पुढं रुंद आणि मागं अरुंद आहे. टिबिया अन् फिब्युलाच्या दोन मॅलिओलसमध्ये जी खाच असते तिच्यात हा बसतो. पाऊल वर ओढलं, म्हणजे डॉर्सिफ्लेक्शन केलं, की रुंद भाग खाचेत घुसतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. तेव्हा स्थिरता हाडांचीच असते, लिगामेंटला फार कष्ट नाहीत. पाऊल खाली केलं, म्हणजे प्लान्टरफ्लेक्शन, की खाचेत अरुंद भाग येतो आणि टॅलसला हलायला जागा मिळते. चवड्यावर उभं राहून बघा, घोटा डुगडुगतो तो याच्यामुळं.

आता पाऊल आतच का वळतं, बाहेर का नाही? बाहेरचा मॅलिओलस आतल्यापेक्षा साधारण 1 सेंटिमीटर खाली उतरलेला असतो. टॅलस बाहेर झुकायला गेला तर तो आडवा येतो. आतला आखूड आहे, तो तेवढा अडवत नाही. शिवाय आत डेल्टॉइड आहे, इतकं दणकट की कधी कधी ते न तुटता मॅलिओलसचा तुकडाच ओढून काढतं. बाहेरच्या बाजूला मात्र तीन वेगवेगळे पट्टे. त्यातलं पोस्टेरियर टॅलोफिब्युलर चांगलं जाड असतं, घोटा पूर्ण निखळल्याशिवाय सहसा जात नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका.

उरली दोन, आणि खरी मेख त्यांच्या दिशेत आहे. अँटेरियर टॅलोफिब्युलर बाहेरच्या मॅलिओलसच्या पुढच्या कडेपासून टॅलसच्या मानेकडं जातं. पाऊल काटकोनात असताना ते जवळपास आडवं असतं, तळव्याला समांतर. त्या स्थितीत त्याचं काम टॅलसला पुढं सरकू न देणं. कॅल्केनिओफिब्युलर मॅलिओलसच्या टोकाच्या जवळून खाली अन् जरा मागं कॅल्केनियमला जातं, आणि पाऊल काटकोनात किंवा वर असताना झुकणं तेच अडवतं. आता स्वतःच्या घोट्यावर मॅलिओलसच्या पुढच्या कडेपासून पुढं बोट आडवं ठेवा आणि चवडा खाली करा. टॅलसची मान खाली जाते, बोट पायाच्या नळीच्या रेषेत उभं होतं. म्हणजे ड्युटी बदलली! आता झुकणं अडवायचं ओझं या पातळ पट्ट्यावर, आणि कॅल्केनिओफिब्युलर तिरपं होऊन बाजूला पडलं.

आता व्हायव्हाचं कोडं सोडवा. चवडा खाली असताना पाऊल आत वळतं. आधी सबटॅलर सांधा त्याची हद्द संपेपर्यंत वळतो. हद्द संपली तरी अंगाचं वजन थांबत नाही, मग कॅल्केनियम टॅलसला सोबत ओढतं. टॅलस त्या वेळेला खाचेत सैल आहे, तो झुकतो आणि जरा आत फिरतो, आणि त्याच्या वाटेत ताणून उभं आहे एकच लिगामेंट. म्हणून ते पहिलं. जोर उरला तर कॅल्केनिओफिब्युलर. क्रम पाठ करायची गरजच पडत नाही.

एक केस बघा, आमच्या ओपीडीतली. परभणीकडचा कबड्डीचा पोरगा, रेड मारून उडी घेतली आणि चवडा डिफेंडरच्या पावलावर पडला. मॅलिओलसच्या पुढं अंड्याएवढी सूज. गावात एकानं चोळून दिलेलं, वर आंबेहळदीचा लेप. लेपाशी माझं भांडण नाही, पण ताज्या मुरगळलेल्या घोट्याला चोळू नका, ओढून "बसवू" तर अजिबात नका. आपल्याकडं घराघरात हेच चालतं, म्हणून ओरडून सांगते.

पहिलं काम फ्रॅक्चर आहे का ते बघायचं, लिगामेंट नंतर. दोन्ही मॅलिओलसच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये मागची कड आणि टोक दाबा, मग पाचव्या मेटाटार्सलचं बूड आणि नॅव्हिक्युलर. यातल्या एखाद्या हाडावर दुखलं, किंवा दुखापत झाल्यावर आणि आता तपासतानाही 4 पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. पाचव्या मेटाटार्सलचं बूड लोक हमखास विसरतात. तेच मुरगळणं, पण तुकडा तिथं निघतो आणि आपण वर घोट्यालाच बँडेज बांधत बसतो. या पोराची मागची कड गप्प होती, लंगडत का होईना चालत होता. दुखत होतं मॅलिओलसच्या पुढं अन् जरा खाली.

त्या दिवशी अँटेरियर ड्रॉवर करायला गेलं तर पाय लाकडासारखा. दुखण्यानं स्नायू आखडलेले असतात, अशा वेळी निगेटिव्ह टेस्टला काही अर्थ नसतो. घाबरू नका, तुमचा हात चुकत नाहीये. 4-5 दिवसांनी परत करा, सूज उतरलेली असते. चवडा जरासा खाली सोडायचा, एका हातानं नळी धरायची, दुसऱ्यानं टाच पुढं ओढायची, आणि चांगल्या पायावर आधी करायची, कारण काहींचे घोटे जन्मतःच सैल असतात. याचा टॅलस दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट पुढं आला, मॅलिओलसच्या पुढं खळगा पडला. मग पाऊल काटकोनात धरून टॅलर टिल्ट केली, दोन्ही पाय सारखे. म्हणजे अँटेरियर टॅलोफिब्युलर गेलेलं, कॅल्केनिओफिब्युलर शाबूत. काटकोनात का, ते वरच्या बोटाच्या खेळावरून कळलंच असेल. चवडा खाली ठेवून टिल्ट केली असती तर ताण भलत्याच लिगामेंटवर आला असता.

आणि एक. दुखणं घोट्याच्या वर, टिबिया-फिब्युलाच्या मधल्या फटीत असेल आणि पाऊल बाहेर फिरवलं की वाढत असेल, तर ही गोष्टच वेगळी. तिथं खाच धरून ठेवणारं सिंडेस्मोसिस गेलेलं असू शकतं. त्याला साधी लचक म्हणून घरी पाठवू नका, ऑर्थोच्या सरांना दाखवा.