क्रिकेटवेड्या भाच्याला भेट देताना या चुका टाळा

भाचा नववी-दहावीत आहे, त्याला क्रिकेटशिवाय दुसरे काही सुचत नाही आणि आपल्याला पाचशे-सातशे रुपयांपलीकडे जायचे नाही, अशा वेळी जर्सी किंवा आणखी एक बॅट न घेता त्याच्याकडे असलेली बॅट टिकवणारे साहित्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे. बॅट ठोकून लेदर बॉलसाठी तयार करायचा लाकडी हातोडा म्हणजे मॅलेट, जवसाचे कच्चे तेल आणि दांड्यावर चढवायची एक नवी रबरी ग्रिप एवढे पुरते. मात्र यात काही चुका सर्रास होतात.

पहिली चूक म्हणजे त्याची बॅट न पाहताच खरेदी करणे. गावाकडे बहुतेक मुले टेनिस बॉलने खेळतात आणि त्यासाठीची बॅट हलकी, पुष्कळदा मागून कोरलेली असते. ती कितीही ठोकली तरी लेदर बॉलपुढे टिकत नाही, त्यामुळे तिला मॅलेटचा उपयोग नाही. केवळ ग्रिप बदलून द्यावी. लेदर बॉलची काश्मीर विलो बॅट असेल, तरच पूर्ण संच घ्यावा.

दुसरी चूक तेलाची आहे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून इतर द्रव्ये घातलेली असतात. ते बॅटीला नको. आपल्याकडे जवस पिकतेच, तेव्हा घाण्यावरून कच्चे तेल आणावे. जास्त तेल पाजले की बॅट जड होते आणि चेंडू लागल्यावर आवाज बद्द येतो. एका वेळी चमचाभर तेल फडक्याने समोर, कडांना आणि टोकाला पातळ लावावे, दांडा बसवलेला जोड कोरडा ठेवावा, बॅट आडवी ठेवून एक दिवस मुरू द्यावी आणि मग दुसरा हात द्यावा. समोरच्या बाजूला प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असेल, तर तेथे तेल मुरत नाही; उघड्या लाकडालाच लावावे.

सर्वांत मोठे नुकसान ठोकण्यातल्या घाईने होते. मॅलेट हातात येताच मुले जोराने ठोकू लागतात आणि बॅटीच्या कडेला चीर पडते. सुरुवात हलक्या ठोक्यांनी करावी, जोर हळूहळू वाढवावा आणि कडांवर सरळ न मारता तिरके ठोके देऊन त्या गोलसर कराव्यात. टोकाच्या तळावर मुळीच ठोकू नये. रोज थोडे-थोडे मिळून हे काम पाच-सहा तासांचे आहे. त्यानंतर जुन्या लेदर बॉलवर हलके फटके मारून पाहावेत. लाकडावर शिवणीचे खोल वण उमटले, तर बॅट अजून तयार झालेली नाही, असे समजून पुन्हा मॅलेट घ्यावा.

मॅलेट विकतच घ्यायला हवा असेही नाही. गावच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाचा करून घेता येतो. फक्त त्याचे तोंड गोल आणि गुळगुळीत असावे, कारण धारदार कोपऱ्याने बॅटीवर खड्डे पडतात.

भेट देतानाच भाच्याला एक गोष्ट बजावावी: वैशाखात टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात बॅट ठेवू नये, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यातला ओलावा उडून ती तडकते.