एका चौकटीत दोन चित्रं मागताय? या चुका टाळा

'स्प्लिट-स्क्रीन लिहिलं तरी येत नाही हो सर.' माझ्याकडे एआयनं चित्रं-व्हिडिओ बनवायला शिकायला येणाऱ्या पोरांचं हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. प्रॉम्प्ट बघितला की चूक बहुतेक वेळा तीच असते: दोन वेगळ्या दृश्यांचं सगळं वर्णन एकाच परिच्छेदात कोंबलेलं.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेआधी सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानाची जाहिरात करत होतो. डाव्या अर्ध्यात जेकार्ड मागावर विणणारे लाल फेट्यातले आजोबा आणि उजव्या अर्ध्यात पलंगावर अंथरलेली निळी-पांढरी चादर, असं शेठना हवं होतं. माझ्या मदतनीस पोरानं सगळं एका दमात लिहिलं. आलेल्या चित्रात एकच खोली होती. डावीकडे माग, त्याला खेटून पलंग, आजोबांचा फेटा निळा आणि चादर लाल. त्यानं तोच प्रॉम्प्ट चाळीसेक वेळा चालवला, चित्र घडवायच्या स्टेप्स तीसच्या साठ केल्या, अख्खी दुपार घालवली. काही बदललं नाही आणि बदलणारही नव्हतं. चित्राची ढोबळ मांडणी पहिल्या काही स्टेप्समध्येच ठरते. नंतरच्या स्टेप्स धागे, सुरकुत्या, सावल्या भरतात. स्टेप्स वाढवून भिंत उभी राहत नाही.

असं का होतं, ते कळलं की निम्मा त्रास वाचतो. मॉडेल शिकलं ते चित्रं आणि त्यांच्या मथळ्यांवरून. मथळ्यात काय दिसतंय ते असतं, कुठे दिसतंय ते क्वचितच असतं. त्यामुळे 'माग' आणि 'चादर' त्याला पक्के कळतात, 'डावा अर्धा' पुसट कळतो. शिवाय प्रॉम्प्टमधला प्रत्येक शब्द चित्राच्या प्रत्येक भागापर्यंत पोचतो, त्याला मधली रेघ अडवत नाही. म्हणून फेट्याचा रंग चादरीवर सांडतो. आणि माग नि पलंग एकत्र मागितले की दोन्ही मावतील अशी एक खोली रचणं त्याला जास्त स्वाभाविक वाटतं.

रेघ आलेली दिसली तरी फसू नका. मी आधी जमीन बघतो. फरशीची ओळ किंवा भिंतीची कड रेघेच्या पलीकडे सरळ चालू असेल, तर ती एकच खोली आहे, मधे फक्त खांब आलाय.

माझा इलाज साधा आहे: दोन चित्रं दोन वेगळ्या प्रॉम्प्टनी करायची. १९२० बाय १०८० च्या चौकटीचा अर्धा भाग ९६० बाय १०८० चा होतो. हे माप बऱ्याच टूलमध्ये नसतं, म्हणून मी १०८० चा चौरस काढतो आणि दोन्ही बाजूंनी साठ-साठ पिक्सेल कापतो. मुख्य वस्तू मधोमध ठेवायची, म्हणजे कापताना हात तुटत नाही. प्रकाशाचं वाक्य मात्र दोन्ही प्रॉम्प्टमध्ये अक्षरशः तेच ठेवायचं, नाहीतर एका बाजूला सकाळ आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट दिसते. दोन्ही क्लिप तयार झाल्या की जोडायला ffmpeg या प्रोग्रामची एक आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i mag.mp4 -i chadar.mp4 -filter_complex "[0:v]crop=960:1080[a];[1:v]crop=960:1080[b];[a][b]hstack" jahirat.mp4
```

शेठची जाहिरात अशीच झाली.

एकाच प्रॉम्प्टमधून काढायचंच असेल तर दोन्ही बाजूंना विषय एकच ठेवा, उदाहरणार्थ धुण्याआधीची आणि धुतल्यानंतरची चादर. `split-screen` शेवटी चिकटवू नका. सुरुवातच `diptych, two vertical panels, thick white divider` अशी करा. जोडचित्रं `diptych` या नावानं मथळ्यांत आलेली असल्यानं हे थोडं बरं चालतं. खात्री मात्र नाही.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीची, म्हणजे पिक्चर-इन-पिक्चरची, गत आणखी वाईट. शेंगा चटणीच्या व्हिडिओत उखळ मोठं आणि कोपऱ्यात हातांचा क्लोज-अप मागितला, तर मॉडेलनं भिंतीवर हातांची तसबीर टांगली. दुसऱ्यांदा उखळाशेजारी मोबाइल ठेवला. चित्रातलं चित्र म्हटलं की त्याला तसबीर, टीव्ही, मोबाइल हेच आठवतं, कारण फोटोंमध्ये ते तसंच असतं. वर लावलेला थर त्याच्या जगात जवळजवळ नसतोच. इथे मी प्रॉम्प्टशी झगडतच नाही. मोठ्या दृश्यात उजवा वरचा कोपरा मोकळा ठेवायला `plain empty wall in upper right` लिहितो आणि छोटी क्लिप एडिटरमध्ये वर ठेवतो.

'कोपऱ्यात चौकट नको' असंही प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. चौकट हा शब्द वाचला की ती येण्याचीच शक्यता वाढते.

व्हिडिओत अजून एक: कॅमेरा फिरवायला सांगितला की तो दोन्ही अर्ध्यांत एकत्र फिरतो आणि मधली रेघ वाकते. वेगळ्या क्लिप केल्या की हा प्रश्न उरत नाही. तरी घाईतली पोरं जोडायच्या दोन मिनिटांना कंटाळतात आणि पन्नास वेळा 'पुन्हा बनवा' दाबतात, क्रेडिट संपेपर्यंत.