नाशिकचा चिवडा ऑनलाइन विकताय? आधी एका पार्सलचा हिशेब मांडा

ऑनलाइन दुकान सुरू करताना बहुतेक जण वेबसाइटपासून सुरुवात करतात. खाण्याचा माल विकायचा असेल तर सुरुवात खोक्यापासून करावी. चिवड्याच्या धंद्यात नफा कढईपेक्षा खोक्याच्या मापात आणि परत येणाऱ्या पार्सलांत जास्त जातो. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ: पातळ पोह्यांचा चिवडा, २५० ग्रॅमची दोन पाकिटे, नाशिकहून पुणे किंवा मुंबईला. दर उदाहरणादाखल धरले आहेत. पद्धत तीच ठेवून तुमचे आकडे घाला.

पहिली पायरी: भरलेले पाकीट मोजा, मगच खोका ठरवा

कुरिअर कंपनी पार्सलचे दोन प्रकारे वजन धरते. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारावरून काढलेले, ज्याला विक्रेते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोहोंपैकी जास्त असेल त्याचे पैसे लागतात. बहुतेक ठिकाणी सूत्र असे असते:

```
लांबी × रुंदी × उंची (सेंमी) ÷ ५००० = किलो
```

काही कंपन्या ५००० ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात आणि तेवढ्याने वजन वाढते. त्यामुळे दर विचारताना भाजक किती, हेही विचारा. आलेला आकडा पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर नेला जातो.

आपले भरलेले पाकीट साधारण २२ × १५ × ५ सेंमी आहे असे धरू. दोन पाकिटे एकावर एक ठेवली की उंची १० होते. बाजारात तयार मिळणारा ३० × २२ × १५ सेंमीचा खोका घेतला, तर व्हॉल्युमेट्रिक वजन १.९८ किलो येते, म्हणजे २ किलोचे भाडे. काट्यावर मात्र हे पार्सल जेमतेम ६५० ग्रॅम भरते. शिवाय टेप ओढून लावताना खोका फुगला आणि लांबी ३१ झाली, तर वजन २.०५ होऊन भाडे अडीच किलोचे लागते. कुरिअरच्या ऑनलाइन पॅनेलवर वजनातल्या फरकाची जादा वसुली दिसते ती अनेकदा अशीच आलेली असते.

तोच माल बाहेरून २३ × १६ × १२ सेंमी असलेल्या खोक्यात घाला. वजन ०.८८ येते आणि भाडे १ किलोचे. झाकण एक सेंमी फुगून उंची १३ झाली तरी ०.९६, म्हणजे १ किलोच्या आतच. पहिल्या अर्ध्या किलोला ४५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४० रुपये, जीएसटी धरून, असा दर मानला तर छोट्या खोक्याला ८५ रुपये पडतात, मोठ्याला १६५ आणि फुगलेल्या मोठ्याला २०५.

म्हणून मापाचा खोका करून घ्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खोके करणारे आहेत. बाहेरचे माप सांगून आधी नमुना मागा, कारण खोकेवाले बहुधा आतले माप धरतात आणि पुठ्ठ्याच्या जाडीने प्रत्येक बाजूला काही मिलिमीटर वाढतात. चिवडा हलका असल्याने तीन थरांचा पुठ्ठा पुरतो.

वरच्या मापात एक सेंमी उंचीची मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. तिथे १०० ग्रॅम कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट आडवे बसते. काट्यावरचे वजन तरी एक किलोच्या आत राहते, म्हणून भाडे एक रुपयानेही वाढत नाही. मसाला ९० रुपयांना विकला आणि तो करायला ४५, पाऊचला ४ रुपये लागले, तर जीएसटी आणि ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचे शुल्क जाऊन त्याच पार्सलमध्ये ३५ रुपयांच्या आसपास भर पडते. नव्या विक्रेत्याने चिवड्याचा दुसरा प्रकार काढण्याआधी असा घट्ट, जड आणि कमी जागेचा जोडमाल शोधावा.

दुसरी पायरी: पाऊच आणि त्याचे तोंड

चिवडा दोन कारणांनी बिघडतो: हवेने खवट होतो आणि दाबाने त्याचा भुगा होतो. यासाठी हवा आत न येऊ देणारा लॅमिनेटेड पाऊच घ्या. जमल्यास त्यात नायट्रोजन भरून घ्या, म्हणजे खवटपणा लांबतो आणि पाकिटाला थोडी उशीसारखी फुगवट मिळते. फुगवट जास्त झाली तर पाकीट खोक्यात दाबले जाते आणि तोंड उसवते. भरलेले पाकीट खोक्यात सहज सरकले पाहिजे, कोंबावे लागता कामा नये.

सीलिंग सुटण्याचे नेहमीचे कारण मशीन नसून तोंडाला लागलेले तेल आणि पोह्यांचे कण असतात. भरताना नरसाळे वापरा आणि सील करण्याआधी तोंडाची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. दर तासाला एक पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे दिसले तर मागच्या तासातली सगळी पाकिटे तपासा.

नंतर भरलेला खोका कमरेच्या उंचीवरून टाकून पाहा: एकदा कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर. उघडल्यावर पाकिटाच्या तळाशी मूठभर भुगा दिसला तर आत पोकळी राहिली आहे. ती कागदाने भरा. पावसाळ्यात कसारा घाट उतरून कोकणच्या दमट हवेत गेलेला पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर खोक्यावर पातळ प्लॅस्टिकचे कुरिअर पाकीट चढवा.

खर्च असा धरू: दोन पाऊच १२ रुपये, खोका १६, टेप व लेबल ४, कागद २. एकूण ३४.

लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, घटक, उत्पादनाची तारीख, किती दिवस टिकते ते, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक हवाच. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. चिवड्यासारख्या पाकीटबंद नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे.

तिसरी पायरी: पेमेंट गेटवे

गेटवेला अर्ज करण्याआधी वेबसाइटवर संपर्काचा पत्ता, डिलिव्हरीचे नियम, परताव्याचे धोरण आणि गोपनीयता धोरण ही पाने तयार ठेवा. बरेच अर्ज याच पानांअभावी अडकतात.

कार्डासाठी २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के, हा हिशेबाला धरण्यासारखा आकडा आहे. हे शुल्क डिलिव्हरीच्या रकमेसकट पूर्ण बिलावर बसते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे विक्रेत्याकडून कापले जाणारे व्यवहार शुल्क, शून्य आहे. तरी काही गेटवे प्लॅटफॉर्म फी वेगळी घेतात, म्हणून यूपीआयच्या व्यवहारावर नेमके काय कापणार ते लेखी मागा. पैसे परत केल्यावर कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, हेही आधी विचारून घ्या.

आता ऑर्डर मांडू. दोन पाकिटांचे ३०० आणि डिलिव्हरीचे ६० असे ग्राहक ३६० रुपये देतो. त्यातून जीएसटी १७, चिवड्याचा खर्च १५०, पॅकिंग ३४ आणि भाडे ८५ गेले की ७४ उरतात. कार्डाचे साडेआठ रुपये वजा करता हातात साडेपासष्ट राहतात. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट इथे धरलेले नाही.

चौथी पायरी: कॅश ऑन डिलिव्हरी द्यायची की नाही

कॅश ऑन डिलिव्हरीवर कुरिअर वेगळे शुल्क घेते. ते ४० रुपये धरले तर ७४ मधून ३४ उरतात. पण खरा फटका पार्सल न घेतल्याने बसतो. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे परत. तेव्हा जायचे ८५, यायचे ८५ आणि पॅकिंगचे ३४ जातात. शिवाय दहा-बारा दिवस फिरून आलेला चिवडा दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून तेही १५० जातात. एकूण ३५४ रुपये. म्हणजे एका परतीने पोहोचलेल्या दहा कॅश ऑर्डरींचा नफा संपतो. अकरा पाठवल्या आणि एक परत आली, की महिनाभर कढईजवळ उभे राहूनही हातात काहीच नाही.

यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आधी पैसे देणाऱ्याला ३० रुपये सूट. तुमचा नफा कॅशच्या ऑर्डरीएवढाच राहतो, पण पार्सल नाकारले जाण्याची भीती जवळपास जाते. तरी कॅशचा पर्याय ठेवायचाच असेल तर १०० रुपये आधी ऑनलाइन घ्या. पार्सल नाकारल्यास ते परत मिळणार नाहीत, हे पैसे भरण्याच्या पानावरच स्पष्ट लिहा.

पार्सल भरण्याआधी फोन करून घर क्रमांक, जवळची खूण आणि घरी असण्याची वेळ विचारा. फोन उचललाच नाही तर पार्सल पाठवू नका. निघालेल्या पार्सलांची यादी रोज संध्याकाळी पॅनेलवर बघा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला तर त्याच रात्री ग्राहकाशी बोलून पुन्हा डिलिव्हरीची विनंती टाका, कारण मोजक्या प्रयत्नांनंतर पार्सल आपोआप परत निघते.

पाचवी पायरी: परताव्याचे धोरण

खाण्याचा माल परत मागवू नका. मागवायचे भाडे तुम्हीच भरणार आणि माल टाकूनच देणार. धोरण असे लिहा: पाकीट फुटले, चुकीचे आले किंवा चव बिघडलेली असेल तर ४८ तासांत फोटो पाठवा, माल परत करायची गरज नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याच्या आत करावे लागते.

पूर्ण रक्कम परत दिली तर माल, पॅकिंग, भाडे आणि गेटवे मिळून २७८ रुपये घरचे जातात. दुसरे पार्सल पाठवले तर २६९ खर्च होतो, पण पहिल्या ऑर्डरीचे साडेपासष्ट हाती असल्याने तोटा २०४ च्या आसपास थांबतो आणि ग्राहकाला चिवडाही मिळतो. एकच पाकीट फुटले असेल तर एकच पाठवा. ते २३ × १६ × ६ सेंमीच्या खोक्यात अर्ध्या किलोत बसते. म्हणून आधी बदली माल देऊ करा, आणि ग्राहकाला पैसेच हवे असतील तर वाद न घालता द्या.

सहावी पायरी: फोटो आणि अडकलेला पैसा

बंद पार्सल काट्यावर ठेवून आणि तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून फोटो काढा. त्यात कुरिअरचा क्रमांक दिसला पाहिजे. वजनाच्या फरकाला हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात आणि फोटो नसेल तर हरकत टिकत नाही.

ऑनलाइन आलेले पैसे साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यात येतात. कॅशचे पैसे डिलिव्हरीनंतर आठवड्याने येतात, आणि कुरिअरच्या ऑनलाइन वॉलेटमध्ये भाडे मात्र आधी भरावे लागते. पार्सल पोहोचायला चार दिवस आणि रक्कम यायला आठ दिवस धरा. रोज दहा कॅश ऑर्डरी असतील तर २६९ गुणिले दहा गुणिले बारा, म्हणजे ३२,२८० रुपये कायम बाहेर फिरत राहतात. दिवाळीच्या आधी ऑर्डरी तिप्पट झाल्या तर ही रक्कम ९६,८४० होते. पोहे, तेल आणि शेंगदाण्यांच्या खरेदीचे पैसे यातून न घेता वेगळे ठेवा.