आयुक्तांची भेट मागणारं पत्र

आमच्या गल्लीत पावसाची मोठी सर आली की गटाराचं पाणी तळमजल्यावर शिरतं. प्रभाग कार्यालयात तक्रारी देऊन झाल्या, पण काम हललं नाही. तेव्हा महानगरपालिका आयुक्तांची भेट मागायचं ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे अर्ज विहित नमुन्यात आधीच द्यावा लागतो आणि तो वैयक्तिक स्वरूपाचा लागतो. अख्ख्या गल्लीचं गाऱ्हाणं त्यात बसत नाही.

हे पत्र आधी स्वीय सहायक वाचतात. कोण येणार, कशासाठी, आणि कोणत्या विभागाचा अधिकारी बोलवावा लागेल, एवढंच त्यांना हवं असतं. गटाराचा इतिहास पत्रात ओतला की ते तक्रार अर्ज समजून परत प्रभागाकडेच पाठवलं जातं. म्हणून विषयाच्या ओळीतच ‘भेटीची वेळ मिळणेबाबत’ असं लिहावं. आमचा मजकूर असा होता:

‘प्रति, मा. आयुक्त.
विषय: गल्लीतील तुंबणाऱ्या गटाराबाबत चर्चेसाठी भेटीची वेळ मिळणेबाबत.
संदर्भ: प्रभाग कार्यालयाकडील आमचे अर्ज (पोच सोबत).
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, पावसाळ्यापूर्वी या कामाबाबत आपणाशी पंधरा मिनिटे चर्चा करावयाची आहे. आम्ही तीन रहिवासी येऊ. मंगळवार किंवा गुरुवार, दुपारी ३ ते ५ ही वेळ आम्हांस सोयीची आहे. तथापि आपल्या सोयीनुसार अन्य दिवस दिल्यास उपस्थित राहू. शक्य झाल्यास मलनिस्सारण विभागाचे कार्यकारी अभियंता यांनाही उपस्थित राहण्यास सांगावे, ही विनंती.
आपले विश्वासू,’
आणि खाली तिघांची नावं, सह्या, एकाचा मोबाइल क्रमांक.

दिवस सुचवताना सोमवार टाळला, आणि सर्वसाधारण सभा कधी आहे ते नगरसचिव कार्यालयात विचारून घेतलं. सभेच्या दिवशी वेळ मिळाली तरी ती ऐनवेळी रद्द होण्याचीच शक्यता जास्त. अभियंत्याबद्दलचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते नसेल तर साहेब ‘माहिती मागवतो’ म्हणतात आणि भेट तिथेच संपते.

सोबत चारच कागद जोडले: जुन्या अर्जांच्या पोच, तारीख दिसणारे तीन फोटो, चेंबर कुठे तुंबतं ते दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, आणि रहिवाशांच्या सह्यांची यादी. यातल्या पोचांवर सगळं अवलंबून असतं. त्या नसतील तर ‘आधी प्रभागात जा’ हे उत्तर ठरलेलं. सगळ्याच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ प्रती भेटीच्या दिवशी हातात ठेवाव्यात. पत्राखाली ‘सोबत’ म्हणून क्रमाने यादी लिहावी, म्हणजे एखादा कागद गहाळ झाला तर दाखवता येतं.

पत्र आवक-जावक कक्षात द्यावं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. आठवडाभरात निरोप आला नाही तर स्वीय सहायकांना फोन करताना तोच क्रमांक आधी सांगावा. नुसतं ‘गटाराचं पत्र’ म्हटलं तर त्यांच्याकडे तशी ढीगभर असतात.